कॉम्बिनेशन मोड: आधी रंगाची वेळ, मग आतली पॉवर

आजच्या भागाचा विषय मला रायपूरच्या एका काकूंनी दिला. त्या तात्यापाऱ्यात राहतात. घरी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, आणि त्यातला रवा केक हा त्यांच्या घरातला वाढदिवसाचा ठरलेला पदार्थ. काकूंची तक्रार अशी होती: "पहिल्यांदा कॉम्बिनेशनवर केला तर विटेसारखा झाला. मग तुम्ही सांगितलेलं प्रमाण घेऊन सकाळी केला तर अगदी छान झाला. म्हणून तोच नातवाच्या वाढदिवसाला संध्याकाळी केला, तर वरून सोनेरी आणि कापला तर मधे कच्चं पीठ! मशीन तेच, भांडं तेच, मिनिटं तीच. मग चुकलं कुठे?"

पाहुणे बसलेले असताना केक कापल्यावर ओलं पीठ सुरीला लागलं की कसं होतं, ते सांगायला नको. पण त्यांच्या या तीन केकांमध्ये कॉम्बिनेशन मोडचं जवळजवळ सगळं गणित येतं. म्हणून आज आपण तेच तीन केक समजून घेऊ, आणि शेवटी ग्रिलवरच्या चिकनच्या तंगड्या बघू. तिथे कच्चं राहणं नुसतं लाजिरवाणं नसतं, पोट बिघडवणारं असतं.

आधी मशीन आत काय करतं ते पाहू. कॉम्बिनेशन म्हणजे दोन वेगळ्या आचा. एक आच गरम हवेची: मागचा पंखा हीटरची गरम हवा फिरवतो, ती पदार्थाला बाहेरून भाजते, पृष्ठभाग सुकवते आणि रंग आणते. दुसरी मायक्रोवेव्हची: ती पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर आत शिरते आणि तिथलं पाणी तापवते. लोक म्हणतात मायक्रोवेव्ह "आतून बाहेर" शिजवतो, ते खरं नाही. तो बाहेरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात एकदम उष्णता घालतो, आणि त्याच्या आतला गाभा त्या थराच्या उष्णतेने शिजतो. पण मायक्रोवेव्ह रंग आणत नाही, कारण पाणी असेपर्यंत पदार्थ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही आणि खमंग तांबूस रंगाला त्याहून पुष्कळ जास्त तापमान लागतं.

म्हणजे रंग हे हवेचं काम आणि शिजणं हे मुख्यतः मायक्रोवेव्हचं काम. दोघं एकाच वेळी संपली तर केक जमला. मायक्रोवेव्हचं आधी संपलं तर रंग येईपर्यंत आतलं पाणी उडत राहतं आणि वीट होते. हवेचं आधी संपलं तर वरून सोनेरी, आत कच्चं. काकूंचा पहिला आणि तिसरा केक हे याचेच दोन प्रकार.

आता पॉवरचं बटण. कोणत्या मशीनवर वॅट लिहिलेले असतात, १८०, ३००, ४५०, ६०० असे. कोणावर टक्के असतात. आणि काहींवर नुसतं C-1, C-2 असतं, तेव्हा माहितीपुस्तक उघडून त्यातला मायक्रोवेव्हचा वाटा किती ते बघावंच लागतं. टक्क्यांचे वॅट करणं सोपं आहे. ९०० वॅटच्या मशीनचे २० टक्के म्हणजे १८० वॅट. पुस्तक हरवलं असेल तर कान द्या. साध्या मशीनमध्ये कमी पॉवर म्हणजे मंद आच नसते. मायक्रोवेव्ह काही सेकंद पूर्ण चालतो आणि काही सेकंद बंद राहतो. चालू असताना जाडसर घुमणारा आवाज येतो, कधी दिवाही किंचित मंद होतो. घड्याळ घेऊन मोजा. तीस सेकंदांत सहा सेकंद घुमलं तर तुमचा वाटा साधारण २० टक्के. इन्व्हर्टर मशीनमध्ये मात्र आच खरोखर कमी-जास्त होते, तिथे हे मोजणं जमणार नाही.

आता काकूंचा रवा केक. दीड वाटी बारीक रवा, म्हणजे २५० ग्रॅम. एक वाटी साखर, २०० ग्रॅम. एक वाटी ताजं दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटीहून थोडं जास्त तूप किंवा तेल. हे फेटून अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगायला हवा. रवा नीट फुगला नाही तर कोणत्याच मोडवर केक मऊ होणार नाही, आणि मग दोष उगाच मशीनला जातो. भट्टीत घालायच्या अगदी आधी एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा, दोन चमचे दुधात कालवून घालायचा. सगळं मिळून साधारण पाऊण किलोच्या वर पीठ होतं. ते वीस सेंटिमीटरच्या, उष्णता सहन करणाऱ्या काचेच्या भांड्यात ओतायचं, भांडं निम्मं भरेल इतकंच.

भांडं काचेचं का, तर नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा कॉम्बिनेशनला चालत नाही. धातूतून मायक्रोवेव्ह जात नाहीत. डब्यातल्या पिठाला ते फक्त वरच्या उघड्या भागातून मिळतात, त्यामुळे तळ मागे राहतो. शिवाय डबा जाळीला किंवा भिंतीला टेकला तर ठिणग्या उडू शकतात. मशीनबरोबर आलेली लोखंडी जाळी मात्र चालते, ती त्या मशीनसाठी तपासून दिलेली असते. दुसऱ्या मशीनची किंवा बाजारातली जाळी नको. नुसत्या कन्व्हेक्शनवर तुमचा नेहमीचा डबा खुशाल वापरा.

मशीन १८० अंशांवर आधी तापवायचं, तेही फक्त कन्व्हेक्शनवर. रिकाम्या मशीनमध्ये मायक्रोवेव्ह चालवायचा नाही, म्हणून कॉम्बिनेशनवर तापवत ठेवू नका. मग बुटक्या जाळीवर भांडं ठेवा.

आता वेळ ठरवायची. माझी पद्धत अशी की आधी रंगाचा विचार करायचा. १८० अंशांवर या केकला वरून सोनेरी रंग यायला साधारण २८ मिनिटं लागतात. ही वेळ मायक्रोवेव्ह किती लावला यावर फारशी ठरत नाही, कारण रंग हवा आणते. मग विचारायचं, या २८ मिनिटांत आत किती उष्णता घालायची आहे? माझ्या अनुभवात या केकला १८० वॅटवर २१ मिनिटं पुरतात. १८० गुणिले २१ म्हणजे ३,७८०. याला वॅट-मिनिटं म्हणू. उरलेली सात मिनिटं नुसतं कन्व्हेक्शन. म्हणजे २१ मिनिटं १८० अंश अधिक १८० वॅट, आणि नंतर सात मिनिटं फक्त १८० अंश. एकाच आकड्याचे अंश आणि वॅट, गोंधळू नका.

कॉम्बिनेशन आधी आणि कन्व्हेक्शन नंतर, याला कारण आहे. उलट केलं तर वरची साल आधी घट्ट होते, आणि मग आतलं पीठ फुगायला लागलं की साल फुटून मधे ज्वालामुखी उभा राहतो. चवीला काही वाईट नाही, पण फोटो नको.

आता पहिल्या केकचं काय झालं ते बघा. काकूंनी जास्तीची पॉवर चांगली असं समजून ६०० वॅट लावले होते, वीस मिनिटं. म्हणजे १२,००० वॅट-मिनिटं, आपल्या गरजेच्या तिपटीहून जास्त. खरं तर ६०० वॅटवर तो केक सहा-सात मिनिटांतच शिजून झाला होता. पण वर रंग नव्हता, म्हणून त्यांनी ठेवला, आणि पुढची तेरा-चौदा मिनिटं फक्त पाणी उडत राहिलं. गंमत म्हणजे असा केक बाहेर काढला तेव्हा गरम असताना मऊ लागतो. अर्ध्या तासाने, निवल्यावर कडक होतो. म्हणून "काढला तेव्हा तर चांगला होता" असं सगळे म्हणतात. ओळखायचं असेल तर भांड्याच्या कडेला बघा. केक कडेपासून बोटभर सुटून आत आकसलेला असेल तर पाणी जास्त उडालं आहे.

दुसरा केक सकाळचा. १८० वॅट, २१ अधिक ७. छान झाला, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

आता तिसरा. मी काकूंना एक प्रयोग करायला सांगितला, तो तुम्हीही करा. मशीन पूर्ण थंड असताना, मोठ्या काचेच्या भांड्यात बरोबर एक लिटर साधं पाणी घ्या. स्वयंपाकाच्या डिजिटल थर्मामीटरने तापमान लिहून घ्या. नुसत्या मायक्रोवेव्हवर, पूर्ण पॉवरवर, बरोबर एक मिनिट चालवा. लगेच चमच्याने ढवळा आणि पुन्हा तापमान बघा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा, तुमच्या मशीनची त्या वेळची खरी पॉवर वॅटमध्ये मिळते. एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात आणि मिनिटाला साठ सेकंद, म्हणून ७०. भांडंही थोडी उष्णता खातं, त्यामुळे उत्तर काटेकोर नसतं, पण आपल्या कामाला पुरतं.

काकूंनी सकाळी नऊला केलं: पाणी १२ अंशांनी वाढलं. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, म्हणजे ८४० वॅट. मशीनवर ९०० लिहिलंय, तेव्हा ठीकच. रात्री आठला पुन्हा केलं: फक्त ९ अंश. म्हणजे ६३० वॅट! रायपूरचा मे महिना, गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू, आणि व्होल्टेज खाली आलेलं. जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन असेल तर व्होल्टेज थोडं उतरलं तरी मायक्रोवेव्हची ताकद त्याहून जास्त उतरते. कन्व्हेक्शनचं तसं नाही. तिथे थर्मोस्टॅट असतो. हीटर कमजोर झाला तर तो जास्त वेळ चालू राहतो, आणि आतली हवा बहुतेक १८० अंशांवर राहतेच.

आता कोडं सुटलं ना? संध्याकाळी रंग वेळेवर आला, पण मायक्रोवेव्हने आपलं काम पाऊणच केलं. ६३० भागिले ८४० म्हणजे पाऊण. म्हणून वरून सोनेरी, आत कच्चं. शिवाय काकूंनी त्या दिवशी मशीन जेवणाच्या टेबलाजवळ हलवून एक्स्टेंशन बोर्डवर लावलं होतं, तेही नडलं असणार. ते मात्र कधीच करू नका. कन्व्हेक्शनला हे मशीन दोन हजार वॅटच्या आसपास खेचतं. त्याला भिंतीतला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लगच हवा. पातळ वायरच्या बोर्डवर वायर तापते आणि व्होल्टेज आणखी पडतं.

उपाय सोपा आहे. २१ मिनिटांचं काम पाऊण ताकदीने करायला किती मिनिटं? २१ भागिले पाऊण, म्हणजे २८. आणि रंगाची वेळही २८ च आहे. म्हणून संध्याकाळी पूर्ण २८ मिनिटं कॉम्बिनेशनच ठेवायचं, शेवटची नुसत्या कन्व्हेक्शनची सात मिनिटं काढून टाकायची. एकूण वेळ तीच राहते, रंगही तोच. काकूंनी पुढच्या आठवड्यात रात्री असाच केला आणि मधे घातलेली टूथपिक कोरडी आली. मात्र टूथपिक एकाच ठिकाणी घालू नका. एकदा मधोमध आणि एकदा मध आणि कड यांच्या मधल्या भागात घाला, कारण मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा पोचत नाही. मग भांडं जाळीवरच दहा मिनिटं ठेवा. या वेळात मधलं राहिलेलं शिजतं.

हेच गणित प्रमाण निम्मं केलं तेव्हा उपयोगी पडतं, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. अर्धा केक केला तर वेळ अर्धी करावी असं वाटतं. पण रंगाची वेळ अर्धी होत नाही. पीठ थोडं, भांडं लहान, थर तेवढाच जाड, तर रंगाला अजूनही पंचवीसेक मिनिटं लागणारच. अर्धी होते ती आत घालायची उष्णता. म्हणून १८० वॅट फक्त पहिली दहा-अकरा मिनिटं, आणि उरलेला वेळ कन्व्हेक्शन. बटणावर १०० वॅट असतील तर ते साधारण एकोणीस मिनिटं चालतात, पण साध्या मशीनमध्ये इतक्या कमी पॉवरवर मायक्रोवेव्ह चालू होतो न होतो तोच बंद होतो, म्हणून मी पहिला मार्गच पसंत करते.

आता ग्रिल. ग्रिलमध्ये हवेऐवजी छतावरचा हीटर वरून लाल आच देतो. रंग पटकन येतो, पण फक्त वरच्या बाजूला, म्हणून पदार्थ उलटावा लागतो आणि उंच जाळीवर ठेवावा लागतो. चार तंगड्या, मिळून अर्धा किलो धरू. दह्याच्या मसाल्यात मुरवलेल्या, फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवलेल्या. त्याहून जास्त नाही, रायपूरच्या उन्हाळ्यात तर नाहीच. जास्तीचा मसाला निथळून घ्या, नाहीतर तो आधी करपतो आणि आपल्याला वाटतं रंग आला.

जाळीवर मांडताना हाडाचं बारीक टोक मधे आणि मांसल भाग बाहेर, कारण फिरत्या काचेवर कडेच्या भागाला जास्त मायक्रोवेव्ह मिळतो. खाली काचेची ताटली ठेवा, रस गळतो. मायक्रोवेव्ह अधिक ग्रिल, ३०० वॅट, सहा मिनिटं. उलटा, साचलेला रस ओतून टाका, पुन्हा सहा मिनिटं. रस तसाच राहिला तर मायक्रोवेव्ह त्यालाच तापवत बसतो आणि वाफेने साल ओली राहते. मग नुसतं ग्रिल, दोन्ही बाजूंना चार-चार मिनिटं.

इथे रंगावर बिलकूल विश्वास ठेवू नका. तंगडी वरून करपट दिसते आणि हाडाजवळ कच्ची असते, हे ग्रिलवर अगदी सहज होतं, आणि संध्याकाळच्या कमी व्होल्टेजला तर हमखास. थर्मामीटरची सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता घाला. ७४ अंश दिसले पाहिजेत. चारही तंगड्यांत बघा, एकीतच नाही. कमी भरलं तर पुन्हा ३०० वॅटवर नुसता मायक्रोवेव्ह दोन मिनिटं, ग्रिल नको, आणि परत मोजा. मग पाच मिनिटं झाकून ठेवा. हाडाजवळचं मांस लालसर दिसलं म्हणजे कच्चंच असंही नाही. कोवळ्या आणि गोठवलेल्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर उतरतो आणि नीट शिजल्यावरही लालसर राहतो. उलट रस स्वच्छ दिसला म्हणजे शिजलंच असंही नाही. म्हणून दोनशे-तीनशे रुपयांचं थर्मामीटर घ्या, पाण्याच्या प्रयोगालाही तेच लागतं.

काही पदार्थांना कॉम्बिनेशन लावूच नये. पनीर टिक्का घ्या. पनीर आधीच खाण्याजोगं असतं, आत शिजवायचं काही नाही. मायक्रोवेव्हने ते फक्त पाणी सोडतं आणि चिवट होतं. त्याला नुसतं ग्रिल. नानकटाईला नुसतं कन्व्हेक्शन. तिच्यात पाणी फारच थोडं आणि तूप-साखर भरपूर, त्यामुळे मायक्रोवेव्ह लागला की वरून पांढरी आणि मधे जळून काळी होते. फोडल्याशिवाय कळतही नाही, वास मात्र घरभर. कॉम्बिनेशनचा खरा फायदा जाड आणि ओल्या पदार्थांना: हांडवो, भरलेले मोठे बटाटे, अख्खी कोंबडी, असा रवा केक.

काकूंचा शेवटचा प्रश्न होता की स्टॅबिलायझर घ्यावा का. घ्यायचा असेल तर मशीन जास्तीत जास्त किती वॅट खेचतं ते मागच्या पट्टीवर बघून, त्याहून मोठ्या क्षमतेचा घ्यावा लागेल. टीव्हीचा छोटा चालणार नाही. त्यांनी घेतला नाही. त्यांनी मशीनच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली आहे: "सकाळी २१ + ७. रात्री २८." आणि ऑक्टोबरात कूलर बंद झाले की पाण्याचा प्रयोग पुन्हा करून ती चिठ्ठी बदलायची, असं आमचं ठरलंय.